लोकसंख्येचा मनोरा वाचायचा कसा: देश तरुण आहे की म्हातारा व्हायला लागलाय?

बारावीच्या वर्गात मी दरवर्षी एक काम करते. भारताच्या २०११ च्या जनगणनेचा मनोरा, म्हणजे एकेका वयोगटाची आडवी पट्टी, लहान वय तळाला अशी एकावर एक रचलेलं चित्र, फळ्यावर काढते आणि विचारते, "हा देश तरुण की म्हातारा?" उत्तर लगेच येतं. "तरुण, मॅडम. पाया रुंद हाय की." मी म्हणते, पुढं ये आणि पट्टीनं मोज. मुलगा पुढं येतो, सगळ्यात खालची पट्टी मोजतो, मग तिच्यावरची, मग तिसरी. तिथं तो थांबतो, कारण खालची पट्टी सगळ्यात लांब नसते. तिसरी असते.

त्रिकोण म्हणजे तरुण आणि घंटा किंवा मडकं म्हणजे म्हातारा, हे पाठ करून परीक्षेतले गुण मिळतात. पण खरे मनोरे क्वचितच इतके सरळ असतात. भारताचा २०११ चा मनोरा लांबून त्रिकोणासारखा दिसतो, जवळ गेलं की त्याचा पाय आत वळलेला दिसतो. या लेखात तोच एक मनोरा पायरीपायरीनं वाचू आणि मग शेजारी जपानचा ठेवू. माझं म्हणणं आधीच सांगते: मनोरा खालून म्हातारा होतो. वरच्या पट्ट्या लांबायच्या किती तरी आधी खालच्या पट्ट्या आखूड होतात, म्हणून नजर आधी तळाकडं गेली पाहिजे.

आधी हातानं काढा

छापलेला मनोरा बघण्यापेक्षा एकदा आलेखकागदावर स्वतः काढावा. जनगणनेच्या तक्त्यांमध्ये सी-१४ नावाचा तक्ता असतो, त्यात पाच-पाच वर्षांचे वयोगट आणि प्रत्येक गटातले पुरुष आणि स्त्रिया दिलेल्या असतात. कागदाच्या मधोमध एक उभी रेघ मारा. डावीकडं पुरुष, उजवीकडं स्त्रिया. एक सेंटिमीटर म्हणजे एक कोटी माणसं असं प्रमाण धरा आणि प्रत्येक पट्टीची उंचीही एक सेंटिमीटर ठेवा. ० ते ४ पासून ७५ ते ७९ पर्यंत सोळा पट्ट्या होतात, आणि सतरावी ८० च्या पुढच्या सगळ्यांची.

तळाच्या तीन पट्ट्या अशा येतात. ० ते ४ वयाचे मुलगे ५.८६ कोटी, मुली ५.४२ कोटी. ५ ते ९ चे मुलगे ६.६३ कोटी, मुली ६.०६ कोटी. १० ते १४ चे मुलगे ६.९४ कोटी, मुली ६.३३ कोटी. म्हणजे पहिली पट्टी डावी-उजवी मिळून ११.३ सेंटिमीटर, दुसरी १२.७ आणि तिसरी १३.३. तिथून वर मात्र पट्ट्या कमी कमी होत जातात: १५ ते १९ ची १२ सेंटिमीटर, २० ते २४ ची ११, २५ ते २९ ची १०. हे पेन्सिलीनं काढताना तळाचा आत गेलेला कोपरा डोळ्यांत भरतो. छापील चित्रात तो सहज निसटतो.

दुसऱ्या कुणी काढलेला मनोरा हातात आला, तर आकाराकडं बघण्याआधी कडेचं वाचा. आडव्या अक्षावर माणसं आहेत की टक्के? माणसं असतील तर भारत आणि जपान एका कागदावर शेजारी ठेवता येत नाहीत, जपान काडीसारखा दिसेल. दोन देशांची तुलना करायची असेल तर टक्क्यांचाच मनोरा हवा. पट्टी पाच वर्षांची आहे की एका वर्षाची, तेही बघा. आणि सगळ्यात वरची पट्टी कुठं उघडी सोडली आहे ते बघा. काही चित्रांत '६५ आणि पुढं' अशी एकच पट्टी असते. तीस-पस्तीस वर्षांच्या पल्ल्यातले लोक एका पट्टीत कोंबले की ती पट्टी टोपीसारखी पसरते आणि तरुण देशही म्हातारा वाटतो.

पट्टीवर वय नको, जन्मसाल लिहा

मनोरा बोलका करायला मला हीच पायरी सगळ्यात उपयोगी वाटते. २०११ च्या गणनेचा संदर्भ दिवस १ मार्च होता. त्या दिवशी ज्यांची १० ते १४ वर्षं पूर्ण झाली होती, ती मुलं मार्च १९९६ ते फेब्रुवारी २००१ या काळात जन्मली. ५ ते ९ ची मुलं मार्च २००१ ते फेब्रुवारी २००६ मधली आणि ० ते ४ ची त्यानंतरची. पट्टीच्या कडेला ही सालं लिहिली की मनोरा म्हणजे शंभर वर्षांच्या जन्मांची वही होते. प्रत्येक ओळ एका काळात किती जन्मले आणि त्यांतले किती उरले ते सांगते.

आता तळाच्या तीन पट्ट्यांचा अर्थ बदलतो. 'लहान मुलं मोठ्या मुलांपेक्षा कमी आहेत' याऐवजी आपण म्हणतो, '२००१ नंतर दर पाच वर्षांत उरलेल्या मुलांची संख्या आधीच्यापेक्षा कमी होत गेली'. आणि मनोरा स्थिर नसतो हेही लक्षात येतं. पाच वर्षांनी प्रत्येक पट्टी एक पायरी वर चढते, वाटेत मृत्यू आणि स्थलांतर तिला थोडी झिजवतात, आणि तळाला नवी पट्टी येते.

तीन तुकडे करा आणि मधली रेघ शोधा

आता मनोऱ्यावर दोन आडव्या रेघा मारा: १५ वर एक आणि ६० वर एक. २०११ च्या भारतात १५ च्या खाली ३७.२४ कोटी, म्हणजे ३०.८ टक्के. १५ ते ५९ मध्ये ६०.३ टक्के. ६० च्या पुढं १०.३८ कोटी, म्हणजे ८.६ टक्के. बेरीज शंभर होत नाही म्हणून घाबरू नका, सुमारे ४५ लाख लोकांचं वय तक्त्यात नोंदलेलंच नाही.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. आपल्याकडं ज्येष्ठ म्हणजे ६० च्या पुढचे. पण देशादेशांची तुलना करताना बहुतेक वेळा ६५ ची रेघ धरतात. संयुक्त राष्ट्रांनी १९५६ मध्ये जी वर्गवारी वापरली तीही ६५ वरच उभी होती: ६५ पुढचे ४ टक्क्यांहून कमी तर तरुण लोकसंख्या, ४ ते ७ मध्ये असतील तर प्रौढ, ७ च्या वर गेले की वृद्ध. नंतर ७ टक्क्यांना 'वृद्धत्वाकडं झुकलेला समाज', १४ टक्क्यांना 'वृद्ध समाज' आणि २१ टक्क्यांना 'अतिवृद्ध समाज' म्हणायची पद्धत रुळली. भारताचे ६५ पुढचे २०११ मध्ये साडेपाच टक्के होते. कुणी ६० ची ८.६ ही टक्केवारी घेऊन ७ च्या उंबरठ्याशी ताडली, तर भारत २०११ मध्येच म्हातारा ठरेल, आणि ते चूक असेल. टक्केवारी ज्या रेघेची, उंबरठाही त्याच रेघेचा हवा.

या तीन तुकड्यांपेक्षा मला मध्यक वय, म्हणजे ज्याच्या खाली निम्मे आणि वर निम्मे लोक येतात ते वय, जास्त आवडतं, कारण ते एका आकड्यात सांगतं आणि कागदावर काढता येतं. वय माहीत असलेल्यांची एकूण संख्या १२०.६ कोटी, निम्मे म्हणजे ६०.३ कोटी. आता तळापासून बेरीज करत वर चढा. १४ पर्यंत ३७.२ कोटी झाले. १५ ते १९ चे १२.१ कोटी मिळवले, ४९.३. त्यात २० ते २४ चे ११.१ कोटी मिळवले की ६०.४. निम्म्याची रेघ २० ते २४ च्या पट्टीच्या अगदी वरच्या कडेला येते, म्हणजे मध्यक वय पंचविशीला टेकलेलं. अर्धा देश पंचवीसच्या खाली. नायजरसारख्या आफ्रिकी देशात हीच रेघ पंधराच्या आसपास येते, जपानमध्ये पंचेचाळीसच्याही वर. मध्यक वयानं बघितलं तर २०११ चा भारत तरुणच.

मग तळ आत का वळला?

तळाच्या पट्टीला दोन प्रश्न

पहिला प्रश्न: ० ते ४ ची पट्टी १० ते १४ च्या पट्टीच्या तुलनेत केवढी? ११.२८ भागिले १३.२७, म्हणजे ०.८५. एकापेक्षा कमी, तेव्हा जन्म कमी होत आहेत. हा दिशेचा प्रश्न आहे. देश कुठं निघालाय ते तो सांगतो.

दुसरा प्रश्न: तीच पट्टी आईबापांच्या पट्टीच्या तुलनेत केवढी? लहान मुलांचे आईबाप साधारण २० ते ३४ मध्ये असतात, त्यातली मधली २५ ते २९ ची पट्टी घेऊ. ती १०.१४ कोटींची. ११.२८ भागिले १०.१४ म्हणजे १.११. इथं उत्तर एकापेक्षा जास्त आलं. मुलं आपल्या आईबापांपेक्षा संख्येनं अजून जास्त आहेत.

दोन्ही उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण तसं नाही. प्रत्येक जोडप्याला मुलं कमी होताहेत, म्हणून पहिला भागाकार घसरला. पण जोडप्यांचीच संख्या मोठी आहे, कारण ती आधीच्या रुंद पायातून वर आलेली आहेत, म्हणून एकूण मुलं अजून भरपूर आहेत. अशा देशाला मी 'आज तरुण, पण वळण घेतलेला' म्हणते. दोन्ही भागाकार एकाच्या वर असतील तर देश तरुण आहे आणि तरुणच राहणार. दोन्ही एकाच्या खाली असतील तर वृद्धत्व पक्कं झालं, मग वरची पट्टी आज कितीही बारीक दिसो.

हे तळावरूनच का कळतं, ते नीट समजून घ्या. माणसं जास्त जगायला लागली म्हणून देश म्हातारा होतो, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. आयुर्मान सुरुवातीला वाढतं ते मुख्यतः बालमृत्यू कमी झाल्यानं. वाचलेलं बाळ मनोऱ्याच्या तळाला जमा होतं, शेंड्याला नाही. म्हणजे आरोग्य सुधारण्याच्या पहिल्या टप्प्यात देश उलट तरुण होतो. म्हाताऱ्यांचा वाटा वाढतो तो जन्म कमी झाल्यावर, कारण छेदच लहान होतो. शेंड्यावरचे लोक जादा जगल्याचा परिणाम नंतर, जपानसारख्या देशात, जाणवायला लागतो.

पण खालची पट्टी खरंच एवढी आखूड आहे का?

इथं थांबून शंका घ्यायलाच हवी, आणि माझ्या मते मनोरा वाचणाऱ्याची खरी परीक्षा इथंच होते.

आपल्याकडं वय कसं सांगतात ते आठवा. दारात प्रगणक उभा आहे, विचारतो, "बाळ केवढं?" कट्ट्यावर बसलेली आजी म्हणते, "पाचवं लागलंय की." पाचवं लागलंय म्हणजे चार पूर्ण झाली आहेत. तक्त्यात त्या मुलाची जागा ० ते ४ च्या पट्टीत. पण प्रगणकानं पुढं विचारलं नाही तर कागदावर ५ लिहिलं जातं आणि ते मूल एक पायरी वर सरकतं. आणि तान्ह्या बाळांचं तर आणखी वेगळं. "घरात माणसं किती?" म्हटल्यावर आजी मोठी माणसं मोजते. बाळ बाळंतपणाला गेलेल्या सुनेबरोबर माहेरी असेल, तर ते इथंही मोजायचं राहून जातं आणि तिथंही. या दोन्ही चुका एकाच पट्टीला कातरतात: तळाच्या.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही, आकड्यांतून पकडता येतं. २००१ च्या जनगणनेत ० ते ४ ची मुलं ११.०४ कोटी होती. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, तीच मुलं १० ते १४ च्या पट्टीत असणार. मधल्या काळात काही दगावली असतील, म्हणजे संख्या घटायला हवी. पण २०११ च्या त्या पट्टीत आहेत १३.२७ कोटी! सव्वादोन कोटी मुलं वाढली कुठून? परदेशातून एवढी मुलं येत नाहीत. याचा अर्थ २००१ मध्ये तळाची पट्टी आखूड मोजली गेली होती, आणि काही भर आजूबाजूच्या वयांची चुकीची नोंद झाल्यानं पडली. २०११ ची तळाची पट्टीही त्याच दुखण्यातून सुटलेली असेल असं मानायला कारण नाही. म्हणून ०.८५ हा भागाकार जरा जास्तच कडक आहे.

मग तळ वळल्याचं खोटं का? नाही. तपासायची सोपी रीत अशी: आधी तळाची पट्टी सोडा आणि दुसरी घ्या, कारण पाच वर्षांच्या पुढची मुलं शाळेत जातात, त्यांची मोजणी बरी होते. ५ ते ९ भागिले १० ते १४ काढलं तर ०.९६ येतं. सौम्य, पण एकाच्या खालीच. मग दोन गणनांतली तीच पट्टी शेजारी ठेवा. चूक दोन्ही वेळी साधारण सारखी असेल तर तुलनेत ती बरीचशी वजा होते. ५ ते ९ ची मुलं २००१ मध्ये १२.८३ कोटी होती, २०११ मध्ये १२.६९ कोटी. देशाची लोकसंख्या त्या दहा वर्षांत अठरा कोटींनी वाढली आणि या पट्टीतली मुलं मात्र सुमारे चौदा लाखांनी कमी झाली. शेवटी जनगणनेच्या बाहेरचा पुरावा बघा. निवडक गावं-वस्त्यांतले जन्म-मृत्यू दरवर्षी नोंदणाऱ्या सरकारी नमुना नोंदणी पद्धतीत एका स्त्रीमागं सरासरी मुलं २००१ मध्ये ३.१ होती, २०११ मध्ये २.४. पुढं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ती २.० वर आली, महाराष्ट्रात तर १.७. तिन्ही वाटा एकाच गावाला पोचतात. वळण खरं आहे, फक्त २०११ च्या चित्रात ते थोडं ठळक उमटलं आहे.

खाच वर सरकते का?

तळासारखेच मधल्या पट्ट्यांवरही खड्डे आणि उंचवटे दिसतात. २०११ च्या मनोऱ्यात ५५ ते ५९ ची पट्टी ३.९१ कोटी, ६० ते ६४ ची ३.७७, आणि तिच्यावरची एकदम २.६५. उतार सारखा असता तर साठीची पट्टी मधोमध कुठं तरी बसली असती. ती फुगली आहे, कारण अठ्ठावन्न-एकोणसाठचा माणूस सरळ "साठ" सांगतो. जन्मतारखेचा दाखला नसलेल्या पिढीत वय शून्यावर आणि पाचावर गोळा होतं. एकेका वर्षाचा मनोरा काढला तर ३०, ४०, ५०, ६० ला काटे उभे राहिलेले दिसतात. म्हणूनच आपण पाच वर्षांच्या पट्ट्या घेतो, काट्यांची धार त्यात बोथट होते.

खरी खाच आणि मोजणीची चूक यांतला फरक कळायला एकच कसोटी पुरते. पुढच्या गणनेत ती खाच वर सरकली आहे का? वयाच्या चुकीचा उंचवटा जागा सोडत नाही, तो १९९१ लाही साठीवर, २०११ लाही साठीवर. खऱ्या घटनेची खूण मात्र माणसांबरोबर म्हातारी होते.

याचा सगळ्यात देखणा नमुना जपानमध्ये आहे. तिथं १९६५ साली सुमारे १८.२ लाख बाळं जन्मली आणि १९६६ साली एकदम १३.६ लाख. युद्ध नाही, दुष्काळ नाही. ते वर्ष त्यांच्या पंचांगात 'हिनोए-उमा', अग्नी आणि घोड्याचं, साठ वर्षांनी येणारं. त्या वर्षी जन्मलेल्या मुली नवऱ्याला जड जातात असा समज होता, म्हणून जोडप्यांनी ते वर्ष टाळलं. एकेका वर्षाच्या जपानी मनोऱ्यात ही खाच सुरीनं कापल्यासारखी दिसते. १९९० मध्ये ती २४ च्या आसपास होती, २०२० मध्ये ५३-५४ ला. दरवर्षी एक पायरी वर. पाच वर्षांच्या पट्ट्या घेतल्या तर ती शेजारच्या वर्षांत मिसळून जवळजवळ पुसली जाते. पट्टी किती वर्षांची आहे ते बघा असं वर म्हटलं, ते यासाठी.

तोच २०२० चा जपान आपल्या भागाकारांतून काढून बघा. महायुद्धानंतर १९४७ ते १९४९ मध्ये तिथं दरवर्षी सुमारे २७ लाख बाळं जन्मली. ती पिढी २०२० मध्ये सत्तरीत होती. ७० ते ७४ ची पट्टी ० ते ४ च्या साधारण दुप्पट आहे, म्हणजे मनोरा डोक्याकडं जड. आईबापांच्या पट्टीपेक्षा तळाची पट्टी बरीच आखूड, म्हणजे दुसरा भागाकार एकाच्या खाली. १५ च्या खालचे १२ टक्के आणि ६५ च्या पुढचे २८.६ टक्के. अतिवृद्ध समाजाच्या २१ च्या रेघेच्या हे खूप पुढं गेलं. आणि वेग बघा: ६५ पुढच्यांचा वाटा ७ वरून १४ टक्के व्हायला फ्रान्सला शंभराहून जास्त वर्षं लागली, जपानला १९७० ते १९९४, फक्त चोवीस. फ्रान्समध्ये जन्म हळूहळू कमी झाले, जपानमध्ये झपाट्यानं. तळ जितक्या झटक्यात वळतो, तितक्याच झटक्यात पुढं शेंडा रुंदावतो.

गल्लीचा मनोरा आणि देशाचा मनोरा

एका वर्षी मी मुलांना आपापल्या गल्लीचा मनोरा काढायला सांगितला. कोल्हापूर शहरातल्या जुन्या पेठेतल्या मुलीनं आणलेला कागद कमरेत बारीक होता, पंचविशी-तिशीची पट्टी जवळजवळ नाहीच. ती म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं जन्म कमी झालेत." मी विचारलं, तुझा थोरला भाऊ कुठं असतो? "पुण्यात." शेजारचा? "तोबी पुण्यात." खाच जन्मांची नव्हती, नोकरीची होती. शिरोली एमआयडीसीजवळ राहणाऱ्या मुलाच्या कागदावर याच्या उलट झालं, डावीकडची विशी-तिशीची पट्टी बाहेर आलेली, कारण तिथल्या खोल्यांमध्ये बाहेरगावचे कामगार राहतात.

म्हणून खाच किंवा फुगवटा दिसला की डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी बघा. जन्म कमी-जास्त झाले असतील तर दोन्ही बाजू सारख्याच आत-बाहेर होतात. फक्त पुरुषांची बाजू बाहेर आली तर बहुतेक वेळा ते कामासाठी आलेले असतात. कतारचा मनोरा याचं टोक आहे, तिथं दर चार माणसांत जवळजवळ तीन पुरुष, आणि तेही कामाच्या वयाचे. तिथं म्हाताऱ्यांचा वाटा अगदी कमी दिसतो, पण तो जास्त जन्मांमुळं नाही, आयात केलेल्या तरुणांमुळं. भारतासारख्या मोठ्या देशात परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्यांचा मनोऱ्यावर फारसा ओरखडा उठत नाही, पण राज्य, जिल्हा, गाव असं खाली आलं की तोच भारी पडतो.

तळाची डावी बाजू मात्र आपल्याकडं वेगळ्या कारणानं लांब आहे. कोल्हापूर जिल्ह्यात ० ते ६ वयात हजार मुलग्यांमागं मुली २००१ मध्ये ८३९ होत्या, २०११ मध्ये ८६३. देश तरुण की म्हातारा याच्याशी याचा थेट संबंध नाही, पण आपल्या जिल्ह्याचा मनोरा काढणाऱ्याला ती तिरकी पट्टी दिसणारच, आणि ती बघून पुढं जाणं मला जमत नाही. निसर्गात जन्माला येणाऱ्या मुली मुलग्यांपेक्षा थोड्याच कमी असतात, एवढ्या नाही.

आणि 'देश' म्हणून काढलेलं चित्र म्हणजे सरासरी, हेही ध्यानात ठेवा. २०११ मध्येच बिहारात १५ च्या खालची मुलं ४० टक्के होती, केरळात २३. केरळात ६० च्या पुढचे साडेबारा टक्के, बिहारात साडेसात. एकाचा पाया अजून पसरलेला, दुसऱ्याचा केव्हाच आत गेलेला, आणि दोन्ही मिळून आपला तो तळाशी किंचित वळलेला त्रिकोण.

तोच कागद पुढं न्या

आता २०११ चा काढलेला कागद समोर ठेवा. २०२१ ची जनगणना करोनामुळं लांबली, पुढची गणना २०२७ साठी जाहीर झाली, संदर्भ दिवस पुन्हा १ मार्च. सोळा वर्षांचा फरक. प्रत्येक पट्टी सोळा वर्षं, म्हणजे तीन पायऱ्या आणि वर थोडी, उचला. सगळ्यात लांब १० ते १४ ची पट्टी २०२७ मध्ये २६ ते ३० च्या वयात असेल. ० ते ४ ची मुलं १६ ते २० ची होतील, म्हणजे कॉलेजच्या वर्गातली. २०११ मध्ये ५० ते ५४ चे ४.९१ कोटी लोक ६६ ते ७० चे, त्यांतले काही वजा. ही सगळी माणसं जन्मलेलीच आहेत, त्यांच्या पट्ट्या पेन्सिलीनं आजच काढता येतात.

तळाच्या तीन पट्ट्यांची जागा मात्र रिकामी सोडा. तक्ता हाती आला की आधी ५ ते ९ ची पट्टी भरा आणि ती १२.६९ शी ताडून बघा. मग ० ते ४ ची भरा आणि तिच्यावर थोडा संशय ठेवा. मग १० ते १४ च्या पट्टीत किती आहेत ते बघून पहिला भागाकार मांडा, आणि २५ ते २९ च्या पट्टीवरून दुसरा. २०११ मध्ये दुसरा भागाकार १.११ होता. आता आईबापांच्या जागी देशाची सगळ्यात लांब पट्टी येऊन बसली आहे आणि एका स्त्रीमागं मुलं दोनच्या आसपास आहेत. तो एकाच्या खाली उतरतो का, एवढं एक मी सगळ्यात आधी बघणार आहे.